फिटच्या गोळ्या चालू असताना फिट का आली? कोळशाच्या कॅप्सूल आणि डिटॉक्स चहाची एक केस

ही केस सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातली आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, वय, घरचे तपशील थोडे बदललेत, पण औषधं, डोस आणि घटनांचा क्रम तोच ठेवलाय. पेशंटला इथे वहिनी म्हणतो, कारण आमच्या दवाखान्यात सगळे तिला तसंच म्हणतात.

पार्श्वभूमी

वहिनी तिशीतली, वजन साधारण ५५ किलो. नवरा मुंबईत नोकरीला, ती आणि सासूबाई मिळून घरचाच छोटा होमस्टे चालवतात. कॉलेजात असताना तिला फिट यायला लागल्या, दोन-तीन औषधं बदलून शेवटी फेनिटॉइनवर गाडी स्थिरावली. १०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या, तिन्ही एकदम रात्री जेवणानंतर. चार वर्षं एकही फिट नाही. साधारण दीड वर्षापूर्वी तिची रक्तातली फेनिटॉइन लेव्हल तपासली होती ती १४ आली होती, म्हणजे १० ते २० या हव्या त्या पट्ट्यात मधोमध. डोळे, हिरड्या, चालणं सगळं ठीक, त्यामुळे डोसला कुणी हात लावला नव्हता.

शिमगा झाला, पाहुणे गेले आणि घरात दिराच्या लग्नाची तयारी सुरू झाली. लग्न मे महिन्यात. वहिनीला दोन गोष्टींचा त्रास होता, एक म्हणजे वाढलेलं वजन आणि दुसरं म्हणजे रात्री पोट फुगणं. मुंबईच्या नणंदेने ऑनलाइन मागवून एक जोडी पाठवली, ॲक्टिव्हेटेड चारकोलच्या कॅप्सूल आणि डिटॉक्स चहाच्या पुड्या. कॅप्सूल पोटातला गॅस आणि 'विषारी घटक' ओढून घेते आणि चहा ते बाहेर काढतो असं पाकिटावर लिहिलेलं. शिवाय कॅप्सूल नारळाच्या करवंटीपासून बनवलेली, त्यामुळे सासूबाईंनाही ती घरचीच वस्तू वाटली, करवंटीचा कोळसा आपल्याकडे पूर्वी दात घासायलासुद्धा वापरायचे.

तिचा रात्रीचा क्रम असा होता. नऊला जेवण, मग चहा, आणि झोपायच्या आधी फिटच्या तीन गोळ्या आणि कोळशाच्या दोन कॅप्सूल, प्रत्येकी ५०० मिलिग्रॅमच्या, सगळं एकाच पाण्याच्या घोटाबरोबर. एकदम घेतलं की विसरायला होत नाही म्हणून. नियमित औषध घेणारा माणूस असाच विचार करतो, आणि या केसमध्ये नेमकं तेच नडलं.

अडचण

पहिल्या आठवड्यात पोट हलकं वाटलं. मग कोळशाने शौचाला घट्ट व्हायला लागलं, हा कोळशाचा नेहमीचा परिणाम आहे, म्हणून तिने चहाची एक पुडी होती त्याच्या दोन केल्या आणि पाच मिनिटांऐवजी पंधरा मिनिटं मुरवायला लागली. आता सकाळी तीन-चार वेळा पातळ व्हायचं. वजनकाट्यावर दोन-अडीच किलो कमी दिसले, घरात सगळ्यांनी कौतुक केलं. पोटऱ्यांत गोळे यायचे, जिना चढताना पाय भरून यायचे, पण एप्रिलचा उकाडा आणि आंब्याच्या सीझनमधले पाहुणे, त्यामुळे ते सगळं घाम आणि दगदगीच्या खात्यात गेलं.

साधारण सहा आठवड्यांनी पहाटे स्वयंपाकघरात तिला फिट आली. तीनेक मिनिटं चालली, जीभ चावली गेली, कपाळाला खोक पडली. नशीब म्हणजे चूल पेटवायची होती आणि मागची विहीर दहा पावलांवर होती, तिथे आली असती तर ही केस वेगळी झाली असती. सासूबाईंनी तिला कुशीवर वळवलं, तोंडात काही घातलं नाही, आणि शेजारच्या रिक्षातून आमच्याकडे आणलं. आली तेव्हा गुंगीत होती पण हाक ओळखत होती.

पहिला निर्णय: आत्ता काय द्यायचं

चार वर्षांनी फिट आली की पहिला प्रश्न असतो गोळ्या चुकल्या का. सासूबाई ठाम होत्या, "एक दिस पण चुकवूक नाय, माझ्यासमोर घेता ती." गोळ्यांची पट्टी मोजली, हिशोब बरोबर. कंपनी बदलली होती का, तर नाही, तीच गोळी, तेच दुकान. फेनिटॉइनमध्ये कंपनी बदलली तरी लेव्हल हलू शकते म्हणून हे विचारावंच लागतं. गरोदरपणात लेव्हल खाली येते, म्हणून लघवीची टेस्ट केली, निगेटिव्ह. ताप नाही, टीबीचं किंवा दुसरं नवीन औषध नाही, रक्तातली साखर नॉर्मल.

मग रक्ताचा रिपोर्ट आला. सोडियम १३४, म्हणजे जेमतेम कमी, पण पोटॅशियम २.९. नॉर्मल साधारण ३.५ ते ५ असतं. ईसीजीत टी वेव्ह सपाट झालेल्या. तिशीतल्या बाईला, जिला उलट्या नाहीत आणि बीपीची लघवी वाढवणारी गोळी नाही, तिला पोटॅशियम एवढं कमी का, हा प्रश्न फिटइतकाच मोठा होता.

इथे एक मोह असतो. फेनिटॉइन घेणाऱ्या पेशंटला फिट आली की शिरेतून फेनिटॉइनचा मोठा डोस देऊन टाकायचा. पण शिरेतून दिलेलं फेनिटॉइन हृदयाची लय बिघडवू शकतं आणि बीपी पाडू शकतं, म्हणून ते मिनिटाला ५० मिलिग्रॅमपेक्षा वेगाने द्यायचं नसतं आणि देताना ईसीजी मॉनिटर लागतो. पोटॅशियम २.९ असलेल्या, शुद्धीवर येत असलेल्या, एकच फिट येऊन थांबलेल्या पेशंटमध्ये तो धोका घ्यायचं कारण नव्हतं. दुसरा पर्याय होता जिल्ह्याच्या ठिकाणी लगेच हलवायचं. तिसरा, इथेच ठेवून पोटॅशियम भरायचं, फेनिटॉइन लेव्हलसाठी रक्त पाठवायचं, आणि मधल्या दिवसांसाठी दुसऱ्या गोळीचं कव्हर द्यायचं. न्यूरॉलॉजिस्टशी फोनवर बोलून तिसरा घेतला, रात्री क्लोबाझम १० मिलिग्रॅम, दुसरी फिट आली तर ताबडतोब हलवायचं या अटीवर. गाडी दारात सांगून ठेवली होती.

धागा कुठे सापडला

"आणखी काही औषधं घेतेस का" हे तिला दोनदा विचारलं गेलं होतं आणि दोन्ही वेळा उत्तर नाही आलं. खोटं बोलत नव्हती. धागा सापडला तो आमच्या सिस्टरना. वहिनी शौचाला जाऊन आली तेव्हा सिस्टरनी सहज विचारलं, रंग कसा आहे, तर म्हणाली, "काळी जाता, कोळशासारखी." काळी शौच म्हटलं की आधी आतड्यातल्या रक्तस्रावाची भीती. पण ती डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची असते, ही नुसती काळीकुट्ट होती, नाडी-बीपी ठीक, हिमोग्लोबिन ११.८. लोहाच्या गोळ्या? नाही. मग सिस्टरनी विचारलं, "गो, गोळये सोडून रात्रीचा आणि काय घेतस?" तेव्हा म्हणाली, "ता काय औषद न्हय, चाय ती. आणि त्या गॅसच्या कॅप्सुली."

दोन्ही पाकिटं घरून मागवली. चहाच्या पाकिटावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटक होते, त्यात पहिलं नाव सेन्ना, म्हणजे आपली सोनामुखी, पुढे बडीशेप, आलं, ज्येष्ठमध. सोनामुखी किती ग्रॅम ते कुठेच नाही. कॅप्सूलच्या पाकिटावर 'औषधांपासून २ तासांचं अंतर ठेवा' असं होतं, तेही इंग्रजीत आणि तळाशी.

आत काय घडत होतं

ॲक्टिव्हेटेड चारकोल म्हणजे करवंटीचा साधा कोळसा नाही. तो खूप जास्त तापमानाला वाफेने वगैरे पोखरतात, त्याने त्यात इतकी सूक्ष्म छिद्रं पडतात की एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग साधारण १००० चौरस मीटर भरतो, म्हणजे चिमूटभर पुडीत दहा गुंठे जमीन. त्या पृष्ठभागावर पोटातली बरीचशी औषधं चिकटतात आणि रक्तात न जाता शौचावाटे बाहेर पडतात. विषबाधेत हॉस्पिटलमध्ये हाच गुण वापरतात, मोठ्या माणसाला साधारण ५० ग्रॅम, शक्यतो पहिल्या तासात. पण विष कुठलं आणि रोजची गोळी कुठली हे कोळशाला कळत नाही. शिवाय तो पोटात जे आहे त्यालाच धरतो, शरीरभर साठलेलं म्हणून जे काही सांगितलं जातं त्याच्याशी त्याचा संबंध येत नाही, ते काम लिव्हर आणि किडनी करतच असतात.

वहिनी घेत होती एक ग्रॅम कोळसा आणि ३०० मिलिग्रॅम फेनिटॉइन, एकत्र. औषध नीट अडवायला औषधाच्या दहापट कोळसा असावा असं विषबाधेत धरतात, इथे तो तीनपटच होता. त्यामुळे सगळं औषध अडलं नाही, काही भाग अडला. आणि म्हणूनच हे सहा आठवडे लपून राहिलं, सगळं अडलं असतं तर फिट खूप आधी आली असती.

आता सोनामुखी. तिच्यातले सेनोसाइड वरच्या आतड्यात शोषले जात नाहीत, मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जंतू त्यांना मोडतात आणि त्यातून जे बनतं ते आतड्याला ढकलायला लावतं आणि पाणी परत शोषू देत नाही. याला सहा ते बारा तास लागतात, म्हणून रात्रीचा चहा सकाळी काम करतो. जेवणातल्या कॅलरी त्याच्या आधीच छोट्या आतड्यात शोषलेल्या असतात. म्हणजे काट्यावर कमी झालेलं वजन पाणी आणि मळ, चरबी नाही. पाण्याबरोबर पोटॅशियम जातं, आणि ज्येष्ठमध जास्त झालं तर ते किडनीवाटेही पोटॅशियम घालवतं. पोटऱ्यांतले गोळे, पायातलं बळ जाणं, ईसीजी, सगळ्याचं उत्तर तिथे होतं. फिट मुख्यतः औषध कमी पडल्याने आली असं माझं मत, पण रोजचे जुलाब, शरीरातलं कमी पाणी आणि पहाटे तीन-चारला उठून मोडलेली झोप यांनी हातभार लावला असणार.

दुसरा निर्णय: डोस वाढवायचा का

लेव्हलचा रिपोर्ट तीन दिवसांनी आला, ४.६. माझ्या मते या केसमधलं सगळ्यात महत्त्वाचं वळण हेच आहे.

कागदावर उत्तर सोपं दिसतं. ३०० वर लेव्हल कमी, फिट आली, मग ४०० करा. नवऱ्याने मुंबईत एका ओळखीच्या डॉक्टरांना फोनवर रिपोर्ट वाचून दाखवला, त्यांनीही तेच सांगितलं, त्यांच्यासमोर चहा-कॅप्सूलची माहिती नव्हती. नवरा साहजिकच विचारत होता की मग वाढवत का नाही.

फेनिटॉइनचा स्वभाव असा की लिव्हर ते रोज एका मर्यादेपर्यंतच निकालात काढू शकतं. डोस त्या मर्यादेच्या जवळ गेला की थोडीशी वाढही लेव्हल भलतीच वर नेते, आणि थोडीशी घट खूप खाली आणते. वहिनीच्या जुन्या आकड्यांवरून अंदाज मांडला. ३०० पूर्ण शोषलं तर लेव्हल १४. कोळशाने एक तृतीयांश अडवलं, म्हणजे २०० आत गेलं, तर लेव्हल तिसऱ्या हिश्श्याने कमी होऊन ९ वर थांबत नाही, ती ४ ते ५ वर येते. आपला रिपोर्ट ४.६. हिशोब जुळला. आता उलट बाजू बघा. डोस ४०० केला आणि त्याच वेळी कोळसा बंद झाला, तर तिच्या लिव्हरच्या रोजच्या मर्यादेपेक्षा जास्त औषध आत जाईल, आणि लेव्हल कुठल्या आकड्यावर न थांबता दिवसागणिक चढत राहील. २० च्या वर गेली की बुबुळं थरथरतात, ३० च्या आसपास चालताना झोक जातो, दोन-दोन दिसतं, जीभ जड होते, पुढे गुंगी. घरी होमस्टेची पायरी, मागे विहीर, आणि झोक जाणारी बाई, हे चित्र फिटइतकंच भीतीदायक होतं.

म्हणून डोस ३०० वरच ठेवला, अडथळा काढला, आणि लेव्हल परत वर येईपर्यंत क्लोबाझम चालू ठेवली. नवऱ्याला हाच हिशोब कागदावर मांडून दाखवला, मग पटलं.

तिसरा निर्णय: अंतर ठेवून चालेल का

वहिनीचा स्वतःचा प्रश्न होता की चहा सोडते, पण कॅप्सूल दुपारी घेतली आणि गोळी रात्री तर? पाकिटावर दोन तास लिहिलंय ना.

फेनिटॉइन हळूहळू विरघळतं आणि तासन् तास आतड्यात शोषलं जात राहतं, दोन तासांत ते संपत नाही. शिवाय रक्तात गेलेल्या औषधाचा काही भाग आतड्यात परत येतो आणि पुन्हा शोषला जातो, तिथे कोळसा असेल तर तो भागही धरला जातो. फेनोबार्बिटोन आणि कार्बामाझेपिन या फिटच्याच औषधांच्या विषबाधेत कोळसा पुन्हा पुन्हा देतात तो याच कारणाने, रक्तातलं औषध आतड्यातून ओढून काढायला. एका ग्रॅमने हे फार मोठ्या प्रमाणात होणार नाही हे खरं, एकत्र घेण्यापेक्षा दुपारी घेणं कमी वाईट हेही खरं. पण लेव्हल १० खाली गेली तर जिला फिट येते हे आत्ताच दिसलंय, तिला गॅससाठी एवढी जोखीम घ्यायला सांगता येत नाही. उत्तर स्पष्ट नाही असं दिलं.

काय केलं

पोटॅशियम क्लोराइडचं सिरप पाण्यात पातळ करून दिवसातून तीन वेळा, सोबत ओआरएस. रोज रक्त तपासलं, पाचव्या दिवशी ३.८, ईसीजी सुधारला. शहाळी आणि केळी घरचे आणत होतेच, पण २.९ वर नुसत्या शहाळ्यावर सोडायचं नसतं हे सांगावं लागलं. सासूबाईंना देवळात गाऱ्हाणं घालायचं होतं, जरूर घाला म्हटलं, फक्त गोळीची वेळ चुकवू नका आणि तिला उपाशी ठेवू नका.

चहा बंद केल्यावर तीन दिवस शौचाला झालीच नाही. याची कल्पना आधी दिली होती, तरी ती घाबरली आणि एक पुडी उकळायला निघाली होती. सहा आठवडे आतड्याला ढकलून चालवलं की ते आपणहून चालायला वेळ घेतं. सकाळी इसबगोल मोठ्या ग्लासभर पाण्यात दिलं, मुद्दाम सकाळी, कारण इसबगोलही औषधाच्या शोषणात थोडं मध्ये येऊ शकतं आणि तिची गोळी रात्रीची. दोनेक आठवड्यांत गाडी रुळावर आली. पोट फुगण्याचं मूळही सापडलं, पाहुण्यांचं आवरून रात्री उशिरा भरपूर जेवण आणि लगेच आडवं होणं. जेवण आठला आणलं, निम्मा त्रास तिथेच गेला.

काट्यावर कमी झालेले दोन-अडीच किलो आठवड्याभरात परत आले. याचं तिला वाईट वाटलं, आणि ते साहजिक होतं.

निकाल

कोळसा बंद केल्यानंतर तीन आठवड्यांनी लेव्हल १३.२, त्याच ३०० मिलिग्रॅमवर. क्लोबाझम हळूहळू कमी करून थांबवली. लग्नात ती होती, पाणी भरायला आणि पोहायला एकटीने जायचं नाही आणि न्यूरॉलॉजिस्ट परवानगी देईपर्यंत स्कूटर नाही, एवढी दोन बंधनं पाळून. त्यानंतर फिट आलेली नाही. घटनेची नोंद औषधांच्या दुष्परिणामांच्या राष्ट्रीय योजनेत, पीव्हीपीआयमध्ये केली. त्यांची टोल फ्री हेल्पलाइन १८००-१८०-३०२४ आहे, पेशंट स्वतःही कळवू शकतो.

काय वेगळं करता आलं असतं

"आणखी काही औषधं घेता का" हा प्रश्न इथे फसला, कारण घेणाऱ्याच्या लेखी ते औषध नव्हतंच. आता आम्ही वेगळं विचारतो, दिवसभरात तोंडावाटे काय काय जातं, चहा, काढा, पावडर, कॅप्सूल, कुणी पाठवलेलं, ऑनलाइन मागवलेलं. आणि मग, शौच दिवसातून किती वेळा आणि रंग कसा. हा दुसरा प्रश्न पहिल्या तासातच विचारला गेला असता तर पोटॅशियमचं कोडं तेव्हाच सुटलं असतं.

औषधाच्या दुकानालाही इथे जागा होती. ती दर महिन्याला तिथूनच फेनिटॉइन घ्यायची. पट्टी हातात देताना 'यासोबत कोळशाची किंवा पोट साफ करायची कुठली वस्तू घेऊ नको' एवढं कुणी बोललं असतं तर तिने ऐकलं असतं, ती ऐकणारी आहे.

हीच जोडी दुसऱ्या औषधांवर वेगळी उतरते. थायरॉइडची गोळी सकाळी घेणाऱ्याला कोळशाचा परिणाम महिन्यांनी टीएसएच वाढलेला दिसतो आणि डोस वाढवला जातो, कोळसा सुटला की धडधड सुरू होते. सगळ्यात जास्त भीती मला डिगॉक्सिन घेणाऱ्या हृदयाच्या पेशंटची वाटते. कोळसा डिगॉक्सिन अडवून लेव्हल खाली नेतो, सोनामुखी पोटॅशियम खाली नेते, आणि पोटॅशियम कमी असताना थोडं डिगॉक्सिनही हृदयाला विषारी ठरतं. अशा माणसाने कॅप्सूल थांबवली आणि चहा चालू ठेवला, तर औषध पूर्ण शोषलं जाऊ लागतं आणि पोटॅशियम मात्र खालीच राहतं. त्यामुळे त्यांच्या बाबतीत दोन्ही एकाच दिवशी बंद करून त्याच दिवशी पोटॅशियम आणि ईसीजी बघायचा.